मायबापांची साठी : विधी, पंगत आणि बसायची सोय

वाचकहो, माझ्या वडिलांची साठी झाली त्याला आता बारा वर्षे होत आली. मांडव मोठा घातला होता, तीनशे पाने उठली आणि गावाने वाखाणणी केली. परंतु त्या दिवसाची आठवण निघाली की मला मांडव आठवत नाही, माझी आत्या आठवते. आत्या वडिलांपेक्षा दहा वर्षांनी मोठी, गुडघे धरलेली. सकाळी नऊला तिला सतरंजीवर बसवले. होम लांबला, त्यावर भाषणे झाली आणि पंगत बसायला अडीच वाजले. संडास घरापासून लांब, गल्लीच्या पलीकडे, म्हणून तिने सकाळपासून पाणीच घेतले नव्हते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पंगत जमिनीवर होती. तिला खाली बसवेना, आणि उभ्याने जेवायचा संकोच. ती मुकाट्याने आत जाऊन बाजेवर पडली. दिवेलागणीला कळले की बाई जेवलीच नाही. विचारले तर म्हणाली, “असू दे रे बाबू, भावाचा सोहळा पाहिला न मी.”

आम्ही तीनशे पाने मोजली होती. गुडघे मात्र एकाचेही मोजले नव्हते.

पुढे 2026 च्या माघात माझ्या सासऱ्यांची साठी करायची वेळ आली. त्यांचे गाव दिघोरी, भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातले. या वेळी मी आणि माझे मेव्हणे दोन महिने अगोदर बसलो आणि एक गोष्ट ठरवून टाकली. ज्यांच्यासाठी हा दिवस आहे त्यांचे शरीर साठीचे आहे, आणि त्यांच्या जोडीची जी मंडळी येणार तीही साठीच्या पुढचीच. तेव्हा वेळ, विधी, बैठक आणि जेवण या साऱ्यांचे माप त्यांच्या शरीरावरून घ्यायचे. ते कसे घेतले, काय चुकले आणि काय साधले, तेच आज तुम्हांला सांगतो.

दिवस कोणता धरावा?

पहिला प्रश्न तिथीचा. साठच का, हे शाळेतल्या मुलांनाही सांगण्यासारखे आहे. आपल्या पंचांगात संवत्सरांची साठ नावे आहेत, प्रभवापासून क्षयापर्यंत. दर गुढीपाडव्याला नाव बदलते. साठ नावे संपली की तीच माळ पुन्हा सुरू होते. आकाशात पाहिले तर गुरू सुमारे बारा वर्षांत एक फेरी करतो आणि शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत. म्हणजे गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या होईतो साठीच्या आसपास वर्षे जातात आणि दोघेही जवळजवळ आपल्या जुन्या जागी येतात. म्हणून साठी पुरी झाली की माणूस आपल्या जन्माच्या नावाच्या संवत्सरात पुन्हा उभा राहतो. या वेळच्या शांतीला ‘उग्ररथ शांती’ असे नाव आहे. सत्तरीला भैमरथी आणि ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन, अशा पुढच्या पायऱ्या आहेत.

आता खेड्यात अडचण अशी की, त्या पिढीची जन्मतिथी कागदावर सहसा खरी नसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून किंवा 1 जुलै लिहून टाकलेला असतो. माझ्या सासऱ्यांच्या दाखल्यावर 1 जुलै 1965 आहे. सरकारी कामाला तीच तारीख चालते, तिला हात लावू नये. परंतु साठीसाठी खरी तिथी हवी असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे जुनी कोतवाल पंजी. जन्ममृत्यूच्या नोंदी विदर्भात गावचा कोतवाल त्या पंजीत घालीत असे, आणि तहसील कार्यालयात अर्ज करून जुन्या नोंदीची नक्कल मागता येते. मात्र तीत पुष्कळदा मुलाचे नाव नसते. बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. तेव्हा भावंडांचा क्रम लावून पाहावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे घरातले म्हातारे माणूस. सासऱ्यांच्या मातोश्री, आमच्या आजी, हयात आहेत. त्यांना तारीख सांगता येईना, पण त्या म्हणाल्या, “शास्त्रीजी गेले त्याच महिन्यात. शाळेत झेंडा लागला होता न, अन् त्याच दिवशी वसंतपंचमी होती.” लालबहादूर शास्त्री गेले 11 जानेवारी 1966 रोजी. त्या वर्षी माघ शुद्ध पंचमी आली 26 जानेवारीला. आजींच्या बोलण्यातील तीनही खुणा एका जागी मिळाल्या. शके 1887, विश्वावसु संवत्सर. तेच विश्वावसु नाव शके 1947 ला फिरून आले. अशा तीन खुणा जुळल्या की तिथी पक्की समजावी. एकच खूण असेल तर मात्र तिच्यावर विसंबू नये.

पंचमी आली शुक्रवारी, 23 जानेवारी 2026 ला. नोकरीवरच्या मुलांना आणि शाळेतल्या नातवंडांना तो दिवस अवघड. मग गुरुजींना विचारून असे ठरले की, पंचमीला घरच्या घरी औक्षण आणि तीळ-गूळ घातलेले दूध, आणि शांती व जेवण रविवारी, 25 तारखेला. त्या दिवशी रथसप्तमी होती. तिथीचा मान राहिला आणि माणसेही आली.

गुरुजींशी अगोदर बोलावयाच्या गोष्टी

पुष्कळ घरी गुरुजींना फक्त दिवस सांगतात आणि सामानाची यादी घेतात. एवढ्याने भागत नाही. आम्ही गुरुजींच्या घरी जाऊन त्यांना चार गोष्टी विचारल्या.

पहिली गोष्ट, यजमान आणि यजमानीण खुर्चीवर बसून विधी करतील, चालेल का? गुरुजी हसून म्हणाले, “बसवणार कुठं ते सांगा, मंत्र तर मीच म्हणणार आहे.” दुसरी गोष्ट, विधी किती वेळाचा? गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, मग मुख्य देवतेचे व नवग्रहांचे पूजन, होम, पूर्णाहुती आणि अभिषेक असा सर्वसाधारण क्रम असतो. यात वेळ खातो तो होम. आहुत्यांची संख्या एकशे आठही असते, अठ्ठावीसही असते आणि आठही. कोणत्या देवतेला किती, हे गुरुजी ठरवतात. आपण त्यांना आपला वेळ सांगावा. आम्ही सांगितले की साडेआठला सुरुवात आणि पावणेअकराला पूर्णाहुती. त्यांनी त्या मापाने संख्या बसवली आणि मधल्या आहुत्या थोरल्या मुलाने द्याव्यात, आईवडिलांनी पहिल्या व शेवटच्या द्याव्यात, असे ठरवून दिले.

तिसरी गोष्ट जागेची. पूजेत पत्नी पतीच्या उजव्या हाताला बसते आणि अभिषेकाच्या व आशीर्वादाच्या वेळी डाव्या हाताला येते. ऐन वेळी दोघांना उठवून इकडचे तिकडे केले की शालू पायात येतो आणि धांदल उडते. म्हणून खुर्च्या तीन मांडाव्यात. पती मधल्या खुर्चीवर राहतो आणि फक्त पत्नी एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला बसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती औषधांची. सासूबाईंना साखरेचा आजार आहे. विधी होईतो उपाशी राहायचे म्हणून त्या सकाळची गोळी घेऊन नुसत्या बसणार होत्या. हे फार धोक्याचे आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोटात काही गेले नाही तर रक्तातील साखर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात कापतात, माणूस भलतेच बोलू लागते. होमाच्या उष्णतेने घाम आला असेल असे समजून कोणी लक्ष देत नाही. म्हणून आठवडाभर अगोदर डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी कधी व काय खाऊन घ्यायची ते लिहून आणले. गुरुजींनीही दूध आणि दोन केळी खाऊन बसायला हरकत नाही, असे स्पष्ट सांगितले. शिवाय मुलीच्या हाताशी गुळाचे पाणी ठेवले. अशी लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळत असेल तर ते लगेच पाजावे. गिळता येत नसेल तर तोंडात काहीएक न घालता तडक दवाखान्यात न्यावे.

होम सगळ्याच घरी होतो असे नाही. आपल्या जिल्ह्यात बौद्ध कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे त्रिशरण-पंचशील होऊन मायबापांचा सत्कार होतो. कोठे भजन होते, कोठे नुसते औक्षण. विधी कोणताही असो, पुढे जी बसण्याची आणि जेवणाची गोष्ट सांगणार आहे ती सर्वांना सारखीच लागू आहे.

बोलावणे कसे लिहावे?

निमंत्रणपत्रिका सुंदर छापतात, पण वाचून म्हाताऱ्या माणसाला ‘मी जाऊ की नको’ हे ठरवता येत नाही. त्याला कळायला हवे ते हे, की नेमके केव्हा यायचे, जेवण किती वाजता, खाली बसावे लागेल काय, आणि परत कोण पोचवील. ‘सकाळी 9 पासून आपल्या आगमनापर्यंत’ असे लिहिले की भिडस्त माणूस नऊलाच येतो आणि पाच तास अवघडून बसतो. म्हणून विधीची, औक्षणाची आणि जेवणाची वेळ वेगवेगळी लिहावी. आम्ही लिहिला तो मजकूर असा होता. नावांच्या जागी तुम्ही आपली नावे घालावीत.

॥ श्री ॥

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आमचे तीर्थरूप बाबा श्री. ……… यांस माघ शुद्ध पंचमी, शके 1947 रोजी साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त बाबा व आमची आई सौ. ……… यांची षष्ट्यब्दपूर्ती शांती रविवार, दि. 25 जानेवारी 2026 रोजी दिघोरी येथे राहत्या घरी योजिली आहे.

शांतिविधी : सकाळी 8.30 ते 10.45
औक्षण व आशीर्वाद : 11.00
भोजन : 11.45

औक्षणाच्या वेळेस आलात तरी आम्हांस तितकाच आनंद आहे. वडील मंडळींसाठी खुर्चीवर बसण्याची व टेबलावर जेवण्याची सोय केली आहे. येण्याजाण्यास गाडी लागत असल्यास खालील क्रमांकावर आदल्या दिवशीपर्यंत कळवावे. आहेर आणू नये, आपले आशीर्वाद हाच आहेर.

आपले नम्र,
……… (मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे)

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बोलावणारी मुले असावीत, आईवडील नव्हेत. आपल्याच सत्काराचे आमंत्रण आपणच देण्याचा संकोच त्यांना पडू नये. आणि आईचे नाव वडिलांच्या नावाखाली बारीक अक्षरात दडवू नये. साठ वर्षांतला निम्म्याहून अधिक संसार तिनेच ओढलेला असतो. अक्षरही मोठे असू द्यावे, म्हणजे चष्म्याविना वाचता येईल. पत्रिका फोनवर पाठवली तरी सत्तरीच्या पुढच्या माणसांकडे घरातल्या कोणीतरी स्वतः जावे, हळदकुंकू लावून बोलवावे आणि त्याच वेळी पाहून यावे की माणूस जिना चढते काय, काठी घेते काय, कानाने ऐकते काय.

आहेराविषयी एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. लोकमान्य टिळकांची साठी 23 जुलै 1916 रोजी पुण्यात झाली. लोकांनी वर्गणी करून एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण केली. त्यांनी ती स्वतःसाठी न ठेवता देशकार्याला दिली. त्याच दिवशी सरकारने त्यांना वीस हजारांच्या जामिनाची नोटीस बजावली, हा त्या समारंभाचा दुसरा अंग. आपल्या घरी लाखाची थैली येणार नाही, परंतु कोणी पाकीट पुढे केलेच तर ते कोठे जाणार, हे आईवडिलांना अगोदर विचारून ठेवावे. सासऱ्यांनी गावच्या शाळेचे नाव सांगितले. मग मांडवात वाद उरला नाही.

बैठक : मापे घेऊन करावी

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मी सासऱ्यांना विचारले, “मामाजी, पाटावर बसता येईल का?” ते म्हणाले, “जवाईबुवा, बसाले काही नाही लागत. उठाले दोन माणसं लागतील.” सगळे मर्म त्यात आले. म्हातारे माणूस बसते कसे हे पाहू नये, उठते कसे हे पाहावे.

खुर्ची फार बसकी असली तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो, आणि फार उंच असली तर पाय अधांतरी लोंबून मुंग्या येतात. माप सोपे आहे. चप्पल घालून उभे राहिले असता जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतचे अंतर मोजावे. बैठक तेवढी किंवा अंगुळभर जास्त असावी. बहुतेकांना सोळा ते अठरा इंच पुरतात. खुर्चीला हात हवेतच, कारण उठताना हातांनी रेटा देता येतो. बिछायत केंद्रात दोन तऱ्हेच्या प्लॅस्टिक खुर्च्या असतात, हाताच्या आणि बिनहाताच्या. सांगितले नाही तर बिनहाताच्या येतात, म्हणून पावतीवर ‘हाताच्या’ असे लिहून घ्यावे. खुर्ची बसकी वाटली तर एकीत एक अशा दोन खुर्च्या घालाव्यात. बैठक थोडी उंच होते आणि खुर्ची मजबूतही होते.

मांडवाची जमीन शेणाने सारवलेली किंवा ओली असली तर प्लॅस्टिक खुर्चीचे पाय रुततात आणि उठताना ती मागे कलंडते. आदल्या दिवशी जड माणसाने प्रत्येक खुर्चीवर बसून उठून पाहावे. जेथे पाय रुतेल तेथे फळी किंवा फरशी घालावी. सतरंजीची सुरकुती आणि मांडवाच्या ताणलेल्या दोऱ्या ही पडण्याची दोन ठिकाणे. वाटेतली सतरंजी काढूनच टाकावी आणि दोरीला पांढरे फडके बांधावे. आमच्याकडे दोरीला फडके बांधायचे राहिले आणि नेमका धाकटा मेव्हणाच अडखळला. तो तरुण म्हणून सावरला. त्याच क्षणी फडके बांधले.

खुर्चीवर बसून होम करायचा तर कुंडही उंच हवे, नाहीतर दर आहुतीला वाकावे लागते. आम्ही अंगणात कोऱ्या विटांचा ओटा रचला. अठरा विटांचा एक थर, असे चार थर, म्हणजे बहात्तर विटा. उंची भरली बारा इंच. वर दोन इंच वाळू आणि तिच्यावर गुरुजींचे लोखंडी कुंड ठेवले. वाळूमुळे विटा तडकत नाहीत. कुंड आणि खुर्ची यांत दीड हाताचे अंतर ठेवले आणि तुपाला लांब दांड्याची पळी घेतली. मांडवाची जी बाजू वाऱ्याच्या दिशेला होती तिचा आणि समोरच्या बाजूचा पडदा सोडला नाही, त्यामुळे धूर साचला नाही. दमेकऱ्यांच्या खुर्च्या वाऱ्याच्या बाजूला मांडल्या.

दुसरी सोय संडासाची. आत्याची चूक पुन्हा होऊ द्यायची नव्हती. घरचा संडास मांडवापासून पंचवीस पावलांवर होता, पण बैठक देशी. बिछायतवाल्याकडे बैठकीला भोक असलेली खुर्ची मिळाली, ती वर ठेवली. भिंतीला धरायला बांबू बांधला, दिवा लावून ठेवला आणि वाटेवर सुनेला उभे केले. सकाळी येणाऱ्या प्रत्येक वृद्ध बाईच्या कानात ती सांगत होती, “आत्याबाई, मोकळेपणाने पाणी प्या, सोय इथंच आहे.” हे सांगायला पुरुष ठेवू नये, आणि मोठ्याने तर सांगूच नये.

साठ दिव्यांचे औक्षण

कणकेचे साठ दिवे करून औक्षण करायची चाल पुष्कळ घरी आहे. दृश्य सुरेख दिसते. परंतु साठ वाती एका परातीत पेटल्या की धग केवढी होते ते हातात घेणारीलाच ठाऊक. परात जड, तूप पातळ झालेले, आणि समोर पदर, टोपी, फुलांचा हार. आम्ही साठ दिवे समोरच्या टेबलावर ओळीने मांडले, नातवंडांकडून मोठ्यांच्या देखरेखीत लावून घेतले आणि औक्षण पाच दिव्यांच्या तबकाने केले. दिवे साठ झाले आणि भीती राहिली नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. औक्षण करायचे कोणी? नेहमीच्या रीतीने सुवासिनींना पुढे बोलावतात. परंतु साठीच्या माणसाच्या थोरल्या बहिणी, चुलत्या, मावश्या यांतल्या कित्येकींचे धनी गेलेले असतात. ज्यांनी त्याला कडेवर खेळवले त्यांनी भिंतीशी बसून पाहायचे, आणि काल आलेल्या सुनांनी ओवाळायचे! माझी आत्याही त्या दिवशी भिंतीशीच होती. दिघोरीला आम्ही गुरुजींसमोर अगोदरच ठरवून घेतले की पहिले औक्षण आजींचे. गुरुजी म्हणाले, “आईच्या दिव्याला अडवील असं शास्त्र मला ठाऊक नाही.” ही गोष्ट मांडवात विचारू नये. चारचौघांत विचारली की कोणी ना कोणी ‘नको’ म्हणतो आणि म्हातारी स्वतःच मागे सरते. अगोदर ठरवावी आणि वेळेवर नुसते तबक त्यांच्या हाती द्यावे.

जेवण : पहिली पंगत म्हाताऱ्यांची

आमच्या यादीत ऐंशी माणसे होती, त्यांतली बावीस साठीच्या पुढची. त्या बावीस जणांसाठी चोवीस खुर्च्या आणि सहा फुटी आठ टेबले मांडली. एका माणसाला दोन फूट जागा लागते, म्हणून एका टेबलाला तीनच खुर्च्या, त्याही एका बाजूला. समोरची बाजू वाढणाऱ्यांना मोकळी. बाकी मंडळी खाली पळसाच्या पत्रावळीवर बसली. टेबलावर मात्र ताटे घेतली, कारण खुर्चीवर बसणाऱ्याची पत्रावळ हाताच्या धक्क्याने सरकते. हात धुवायला कोणाला उठवले नाही. एक मुलगा गडवा घेऊन आणि दुसरा घमेले धरून जागेवरच हात धुववीत होता.

ताट हातात घेऊन उभ्याने जेवायची पद्धत आता खेड्यातही आली आहे. तिला माझा विरोध नाही, पण काठीवाल्या माणसाला तिसरा हात नसतो.

बेत साधा होता. साधा भात, तुपासह तुरीचे वरण, पुरणपोळी, पातळ कढी, वांगी-आलूची भाजी, पातोडीचा रस्सा आणि कोशिंबीर. भाजी व रस्सा दोन गंजांत केले, एकात तिखट अर्धेच. टेबलाकडे तोच गंज फिरला. भात धानाच्या मुलखातला, म्हणून नेहमीपेक्षा मऊ शिजवायला सांगितला, दात नसलेल्यांना तो बरा पडतो. ऐंशी माणसांना आठ किलो तांदूळ आणि वरणाला अडीच किलो डाळ लागली. पुरणासाठी एक किलो हरभऱ्याच्या डाळीत सुमारे पंचवीस पोळ्या होतात असा हिशेब धरून सात किलो डाळ घेतली. पोळ्या थोड्या उरल्या, कढी मात्र कमी पडली. साखरेच्या आजारातल्या माणसांना आग्रह करू नये, हे वाढणाऱ्या मुलांना बजावले होते. अर्धी पोळी मागितली तर अर्धीच वाढायची.

भाषणे जेवणाआधी तीन, प्रत्येकी पाच मिनिटे. चौथे वक्ते उभे राहू लागले तेव्हा मेव्हण्याने हात जोडून सांगितले, “काका, तुमचे जेवणानंतर ऐकतो.” घड्याळात तेव्हा अकरा चाळीस झाले होते. बारापूर्वी पहिले ताट वाढले गेले आणि दीड वाजता सगळी वडील मंडळी उठली. कोणी बाजेवर आडवी झाली, कोणाला गाडीने घरी पोचवले. उन्हाळी धानाच्या रोवणीचे दिवस होते, त्यामुळे शेतावर जाणारेही वेळेत मोकळे झाले.

एक चूक राहिली ती सांगतो. थंडीचे दिवस, आणि सकाळी साडेआठला मांडवात गारठा होता. खुर्च्यांचे माप घेतले, पण खुर्चीवर घालायला घोंगडी सुचली नाही. प्लॅस्टिक थंडगार लागते. आजी पहिला तासभर कुडकुडत होत्या. मग घरातून चादरी आणून प्रत्येक खुर्चीवर घडी घातली. तुम्ही माघात करणार असाल तर ती घडी अगोदरच घालावी, आणि वैशाखात करणार असाल तर वेळ आणखी एक तास अलीकडे ओढावी.

अकरा वाजता औक्षण सुरू झाले. आजींची खुर्ची मुलासमोर आणून ठेवली आणि तबक त्यांच्या हाती दिले. हात कापत होता, म्हणून नातसुनेने खालून आधार दिला. आजींनी साठ वर्षांच्या मुलाला ओवाळले, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि सुनेकडे वळून तिलाही ओवाळले. मग मागे वळून म्हणाल्या, “आता ते माह्या नणंदेले द्या.” तबक पुढे गेले. भिंतीशी बसलेल्या पाच जणी त्या दिवशी एकामागून एक उठल्या. कोणालाही हात देऊन उठवावे लागले नाही, खुर्च्यांना हात होते.

माझ्या आत्यालाही बोलावले होते. ती आता ब्याऐंशीची आहे. पहिल्या पंगतीत तिसऱ्या खुर्चीवर बसून तिने दीड पोळी खाल्ली आणि दोनदा कढी मागितली. कढी कमी पडली ती बहुधा तेव्हाच.